वहीच्या पानावरचं ‘साक्षगंध’: बोरूची अक्षरं फोटोतून सुटी कशी काढली

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून साक्षगंधाच्या पत्रिकेचं काम आलं होतं. पोरीच्या भावाची एकच अट होती, पत्रिकेवरचं मोठं अक्षर फॉन्टचं नको, आबाजींच्या हातचं पाहिजे. आबाजी म्हणजे त्याचे आजोबा, तरुणपणी आजूबाजूच्या गावात दुकानाच्या पाट्या रंगवायचे. आता हात थरथरतो, पण त्यांनी नातीसाठी बोरू काढला, काळी शाई घेतली आणि हाताशी होती ती शाळेची वही उघडून ‘साक्षगंध’ आणि त्याच्या खाली ‘सप्रेम निमंत्रण’ असं लिहून दिलं. पुन्हा लिहा म्हणायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, एक तर त्यांना त्रास नको आणि दुसरं म्हणजे जे उतरलं होतं ते खरंच सुंदर होतं. म्हणजे पान तेच, निळ्या ओळींचं, डावीकडे लाल मार्जिनची रेघ, आणि ती रेघ नेमकी ‘सा’च्या शिरोरेषेतून गेलेली. पत्रिकेचं डिझाइन डाळिंबी रंगाचं, त्यावर अक्षरं सोनेरी हवी होती.

पहिला फोटो व्हॉट्सॲपवर आला, रात्री बल्बच्या उजेडात काढलेला, पान पिवळं आणि अर्ध्या पानावर मोबाइलचीच सावली. सावलीचं पुढे पाहता आलं असतं, पण खरी अडचण साइजची होती. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होऊन येतो, मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. त्यातही अक्षरांनी फोटोची अर्धीच रुंदी घेतली होती, म्हणजे हाती आले ८०० पिक्सेल. पत्रिकेवर ‘साक्षगंध’ ४ इंच रुंद बसवायचं होतं, छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १२०० तरी पाहिजेत. शिवाय फोटो दाबला जातो तेव्हा अक्षराच्या कडेला बारीक धुरकट कण तयार होतात, ते आधी दिसत नाहीत, कॉन्ट्रास्ट वाढवला की मुंग्या लागल्यासारखे वर येतात.

म्हणून भावाला फोनवर सांगितलं, “दादा, सकाळी छपरीत काढ, ऊन पानावर येऊ देऊ नको, फक्त उजेड येऊ दे. पानाखाली काळा कागद ठेव.” तो म्हणाला, “काळा काहून बा ताई?” तर वहीचं पान पातळ असते, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर ते पांढऱ्या पानावर ठेवल्यावर जास्त झळकते, काळा कागद ठेवला की मागून उजेड परत येत नाही आणि मागचं लिहिलेलं बरंच दबते. आणि मोबाइल पानाला चिकटवून धरायचा नाही, थोडं वरून २ एक्स झूम करून काढायचं, मग कडा वाकत नाहीत आणि मोबाइलची सावली पण पडत नाही. फोनमधला स्कॅनवाला मोड लावायचा नाही हे मात्र मी दोनदा सांगितलं, कारण तो मोड स्वतःच काळं-पांढरं ठरवून टाकतो आणि बोरूचे बारीक शेवट तिथेच जातात, मग ते परत आणता येत नाहीत. स्क्रीनवर जिथे पान दिसते तिथे बोट टेकवून ब्राइटनेस थोडा वाढवायचा, पण कागद पूर्ण पांढराफटक होईल एवढा नाही, कागद फटक झाला की त्याचा उजेड बारीक रेषांवर सांडतो. फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

दुसरा फोटो चांगला आला. पान एका बाजूने थोडं निळसर-करडं होतं, उघड्या बाजूने जास्त उजळ, पण तेवढं चालते. अक्षरांची रुंदी साधारण २६०० पिक्सेल मिळाली.

आता मुख्य गोष्ट, जी मला वाटते लोक चुकीच्या बाजूने धरतात. अक्षर “कापून” काढायचं नसते. मॅजिक वँडसारख्या टूलने पांढऱ्यावर क्लिक केलं आणि डिलीट मारलं की अक्षर सुटं झाल्यासारखं वाटते, पण देवनागरीत तिथे दोन भानगडी होतात. एक म्हणजे शिरोरेषा वरून झाकण घालते, त्यामुळे ‘प’, ‘म’ यांच्या पोटातला कागद चारही बाजूंनी बंद होतो आणि बाहेर क्लिक केलेलं तिथे पोचत नाही, ती पोटं पांढरीच राहतात, मग प्रत्येक पोटात वेगळं क्लिक करत बसा. दुसरी भानगड कडेची. फोटोत अक्षराच्या कडेचे पिक्सेल अर्धे शाईचे अर्धे कागदाचे असतात. कापलं की त्या पिक्सेलमधला कागद अक्षरासोबत येतो, पांढऱ्या पत्रिकेवर ते कळत नाही पण डाळिंबी रंगावर ठेवलं की भाकरीला कोरडं पीठ चिकटून राहावं तशी पांढरी किनार दिसते. मग लोक सिलेक्शन एक-दोन पिक्सेल आत ओढतात, किनार जाते पण सोबत शिरोरेषा बारीक होते आणि बोरूची टोकं बोथट होतात.

त्यापेक्षा असं पाहायचं की फोटोतून आपल्याला रंग नकोच आहे, फक्त कुठे किती शाई आहे तेवढंच पाहिजे. पूर्ण शाई तिथे पूर्ण भरीव, अर्धी शाई तिथे अर्धपारदर्शक, कागद तिथे काहीच नाही. हा करड्या छटांचा नकाशा तयार झाला की तो सपाट सोनेरी लेयरला मास्क म्हणून लावायचा, मास्क पांढरा तिथे लेयर दिसतो, काळा तिथे झाकला जातो. रंग सगळा सोनेरीच राहतो, कागदाचा रंग त्यात येण्याचा रस्ताच नाही, म्हणून किनार उरत नाही. ‘प’चं पोट पण आपोआप मोकळं होते कारण तिथे शाई नाही.

मी गिंप वापरते, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालते. फोटोशॉपमध्ये पण रस्ता हाच.

नकाशा काढायला आधी रंगाचा चॅनल निवडावा लागतो, आणि या पानावर सगळा खेळ तिथेच होता. फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात. निळी ओळ निळा उजेड परत पाठवते, म्हणून निळ्या चॅनलमध्ये ती जवळजवळ कागदासारखीच उजळ दिसते, आणि काळी शाई कोणताच उजेड परत पाठवत नाही म्हणून ती तिन्हीकडे काळीच. `Colors > Components > Extract Component` मध्ये जाऊन `RGB Blue` निवडलं आणि वहीच्या ओळी बऱ्याचशा विरून गेल्या. पण लाल मार्जिन निळ्या चॅनलमध्ये उलट गडद होते, कारण लाल रेघ निळा उजेड खाऊन टाकते. ती रेघ ‘सा’च्या शिरोरेषेला आडवी छेदून उभी, अक्षराएवढीच काळी.

याला एक सरळ उपाय आहे, त्याच यादीत `HSV Value` आहे. तो प्रत्येक पिक्सेलला तिन्ही चॅनलपैकी जो सगळ्यात उजळ असेल तो घेतो. निळी ओळ निळ्यात उजळ, लाल रेघ लालात उजळ, म्हणून दोन्ही जातात, आणि फक्त जे तिन्हीकडे काळं आहे तेच काळं उरते. काळ्या शाईसाठी ही युक्ती फार कामाची आहे आणि पहिल्या नजरेत पान अगदी स्वच्छ दिसलं. पण झूम करून पाहिलं तेव्हा ‘ध’चा शेवटचा फटकारा, जिथे बोरूतली शाई संपत आली होती, तो फिका झाला होता आणि मधे मधे तुटला होता. कारण काळी शाई पातळ पडली की ती काळी राहत नाही, तपकिरी होते, आणि तपकिरीमध्ये लाल चॅनल बऱ्यापैकी उजळ असतो. `HSV Value` सगळ्यात उजळ तेच उचलणार, म्हणून पातळ शाई त्याच्यात मार खाते. निळ्या चॅनलमध्ये तीच तपकिरी शाई चांगली गडद दिसते.

मग दोन्ही वापरले. खाली निळ्या चॅनलचा लेयर पूर्ण पानाचा, त्याच्यावर `HSV Value`चा लेयर आणि त्याला काळा मास्क, आणि मास्कवर फक्त लाल मार्जिनच्या पट्टीपुरता मऊ ब्रशने पांढरा रंग. म्हणजे त्या उभ्या पट्टीत मार्जिन गायब झाली आणि बाकी सगळीकडे बोरूचे फटकारे निळ्या चॅनलचे तसेच राहिले. ‘सा’ची शिरोरेषा तिथे जाड आणि शाईने भरलेली होती, म्हणून तिला काही झालं नाही. उलट कोणी निळ्या पेनने निळ्या ओळींवर लिहिलं असतं तर हा रस्ता बंद होता, अक्षर आणि ओळ एकाच रंगाची असली तर चॅनल काही वेगळं करू शकत नाही, तिथे ओळी हातानेच पुसाव्या लागतात. कुंकवासारख्या लाल रंगात लिहिलेलं असेल तर हिरवा चॅनल घ्यायचा, लाल चॅनलमध्ये अक्षरच नाहीसं होईल.

नंतर उजेडाचा प्रश्न. छपरीच्या उघड्या बाजूला कागद पांढरा आणि भिंतीच्या बाजूला करडा, म्हणून एकच पांढरं ठरवून चालत नाही. एका बाजूला साफ होते तर दुसऱ्या बाजूला मळकट ढग राहतो. यासाठी दोन्ही लेयर एकत्र करून त्याची कॉपी केली आणि कॉपीतून अक्षरं नाहीशी केली, म्हणजे नुसता कागद आणि त्याचा उजेड उरला. हे `Filters > Blur > Median Blur` ने होते, त्यात `Radius` अक्षराच्या रेघेच्या जाडीपेक्षा मोठा घ्यायचा. आपली जाड रेघ साधारण ५० पिक्सेल होती, मी १०० ठेवला. आणि `Percentile` ५० वरून ७५ केला, म्हणजे आजूबाजूच्या पिक्सेलमधला मधला न घेता उजळ बाजूचा घेतला जातो, ‘क्ष’सारख्या ठिकाणी जिथे शाईच जास्त आहे तिथे पण कागदच सापडतो. लॅपटॉप जुना असेल तर इथे वेळ लागते, होऊ द्यायचं. मग या कॉपीचा मोड `Divide` केला. खालच्या फोटोला कागदाच्या उजेडाने भागलं की कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो, सावली जाते.

बरेच जण इथे `Gaussian Blur` मारतात कारण तो पटकन होतो. पण त्यात शाई पण मिसळते, जाड अक्षराच्या खाली “कागद” काळपट निघतो आणि त्याने भागलं की अक्षराचा मधला भाग फिका होतो. ओळखायचं कसं, तर ‘क्ष’च्या गाठीत आणि जाड दंडांच्या मध्ये पाहायचं, कडा काळ्या आणि आत करडं असेल तर बॅकग्राउंडमध्ये शाई मिसळलेली आहे.

आता हे दोन्ही लेयर पुन्हा एकत्र करून `Levels`. हिस्टोग्राममध्ये उजवीकडे कागदाचा मोठा ढीग आणि डावीकडे शाईचा छोटा. पांढरा त्रिकोण कागदाच्या ढिगाच्या डाव्या पायथ्याशी आणला, माझ्याकडे तो २२५ च्या आसपास आला, काळा ७० जवळ. पांढरा त्रिकोण आणखी आत ओढला की कागदाचे कण झटकन साफ होतात, म्हणून मोह होतो, पण त्या आधी ‘ध’चं शेपूट आणि ‘त्र’ची बारीक तिरपी रेघ जाते. `Threshold` मात्र अजिबात नाही, त्याच्यात अर्धी शाई नावाची गोष्टच उरत नाही, कडा दातेरी होतात आणि बोरूच्या कोरड्या रेघेतली कागदाची जाळी एक तर पूर्ण भरते नाही तर पूर्ण उडते.

मग `Colors > Invert`, सगळं कॉपी, नवा सोनेरी लेयर, त्याला `Add Layer Mask` मधून काळा मास्क, मास्कवर पेस्ट आणि अँकर. खाली लगेच डाळिंबी लेयर ठेवायचा, कारण खरी तपासणी तिथेच होते, पांढऱ्यावर किंवा गिंपच्या चौकड्यांवर सगळंच चांगलं दिसते. डाळिंबीवर २०० टक्के झूम करून पाहिलं तर कागदाचे तंतू आणि उडालेल्या शाईचे कण सोन्याच्या धुळीसारखे दिसून राहिले होते. त्यांना साफ करायला `Despeckle` किंवा तसला कोणताही फिल्टर लावायचा नाही, देवनागरीत ते धोक्याचं आहे. ‘साक्षगंध’मधला अनुस्वार गेला तर ‘साक्षगध’ होते, ‘निमंत्रण’चं ‘निमत्रण’, आणि फिल्टरला ठिपका म्हणजे ठिपका, त्याला भाषा कळत नाही. म्हणून मास्कवर काळ्या ब्रशने हातानेच एकेक कण मारला आणि शेवटी मूळ फोटो बाजूला ठेवून प्रत्येक अक्षरावरची खूण जुळवली. पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ हाताने लिहिलेलं असते तेव्हा तर हे आणखी सांभाळावं लागते, तिथे अनुस्वारासोबत पूर्णविरामही असतात.

एक ठिपका ‘ध’च्या खाली होता, चांगला गोल. तो बोरूतून उडालेला आहे की मुद्दाम दिलेला, मला कळेना, म्हणून भावाला फोटोवर गोल करून पाठवला. त्याने आबाजींना विचारलं, उत्तर आलं, “शाई पडली थे, काढून टाक माय.” काढला. पण ‘सा’ आणि ‘क्ष’च्या मध्ये शिरोरेषेत जी फट होती, ती जोडून देऊ का असं विचारलं तर ते नाही म्हणाले, बोरू उचलला होता तिथे, राहू दे. मला ते फार आवडलं. थरथरीमुळे दंडांच्या कडेला हलकी लाट होती, ती पण मी गुळगुळीत केली नाही. गुळगुळीतच पाहिजे असतं तर फॉन्ट होताच की, हे अक्षर त्यांच्या हातचं आहे म्हणून तर वापरून राहिलो होतो.

एक गोष्ट आणखी, गडद रंगावर उजळ अक्षर ठेवलं की तेच अक्षर डोळ्याला जाड वाटते. कागदावर काळी असताना नेमकी वाटणारी शिरोरेषा सोनेरी झाल्यावर जड दिसायला लागली. मास्कवर `Levels` उघडून मधला त्रिकोण थोडासा उजवीकडे सरकवला, अर्धपारदर्शक कडा किंचित फिक्या झाल्या आणि शिरोरेषा हलकी झाली. किती सरकवायचं याचा काही आकडा नाही, पत्रिकेच्या खऱ्या साइजमध्ये पाहून ठरवायचं, झूम करून नाही.

फाइल पीएनजी म्हणून एक्सपोर्ट केली. जेपीजीमध्ये पारदर्शकपणा राहतच नाही. आणि ही पीएनजी सुद्धा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर तिकडे जेपीजी होऊनच पोचते, मागे सपाट रंग भरलेला असतो, मग समोरचा म्हणतो ताई तुमचं बॅकग्राउंड निघालंच नाही. इथे पण डॉक्युमेंटच.

मोबाइलवर फिरवायची पत्रिका यातूनच झाली. छापायच्या पत्रिका मात्र तालुक्याच्या प्रेसमध्ये स्क्रीन प्रिंटिंगने होणार होत्या, डाळिंबी कार्डावर सोनेरी शाई. स्क्रीनमधून शाई एक तर जाते किंवा जात नाही, अर्धी शाई असा प्रकार तिथे नाही, म्हणून अर्धपारदर्शक कडांचा प्रेसला उपयोग नसतो. त्यांना शुद्ध काळं-पांढरं लागते आणि तेही इंचाला निदान ६०० पिक्सेलने, नाही तर कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. ४ इंचाला २४०० पिक्सेल लागणार होते आणि आपल्याकडे २६०० होते, तेव्हा मोठं करायची गरज पडली नाही. इथे `Threshold` वापरावाच लागला, पण भागाकार करून झालेल्या करड्या फाइलवर, आणि ‘ध’चं शेपूट तुटू नये म्हणून कट थोडा कागदाच्या बाजूला, १७० जवळ ठेवला, त्याने जाड दंड केसभर आणखी जाड झाले. ते चाललं, कारण स्क्रीनच्या जाळीत तशीही बारीक रेघ आधी मरते. कोरड्या रेघेतली जाळी बरीच भरून गेली, ती या छपाईत येणारच नव्हती.

कोणाला हेच अक्षर उद्या मांडवाच्या फ्लेक्सवर सहा फूट मोठं पाहिजे असेल तर याच काळ्या-पांढऱ्या फाइलवरून इंकस्केपमध्ये `Trace Bitmap` ने व्हेक्टर करता येते. फक्त त्यात `Speckles` नावाचा आकडा आहे, तेवढ्या पिक्सेलपर्यंतचे ठिपके तो गाळून टाकतो, तो लहानच ठेवायचा आणि ट्रेस झाल्यावर दोन्ही अनुस्वार जागेवर आहेत का ते पाहायचं. भावाला मी तिन्ही फाइली दिल्या, सोनेरी पीएनजी, प्रेसची काळी-पांढरी, आणि लेयरसकट `.xcf`, म्हणजे उद्या लग्नाच्या पत्रिकेचा रंग वेगळा निघाला तर फक्त सोनेरी लेयरचा रंग बदलायचा, मास्कला हात लावायची गरज नाही.